ज्योत ओळखणारा डोळा : प्रस्तावना

जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांची रांग आहे. भंगार वितळवून त्याचे बिलेट ओतायचे आणि बिलेट लाटून टीएमटी सळई काढायची, हा इथला मुख्य धंदा. काही ठिकाणी बिलेट गरम असतानाच थेट रोलिंगला जाते. जिथे ते थंड होते, तिथे ते पुन्हा तापवावे लागते आणि त्यासाठी लागते रीहीटिंग फर्नेस. तिच्या दारातून आत पाहिले तर भिंती, छत, बिलेट सगळेच नारिंगी-लाल दिसते. तेल किंवा गॅसवर चालणाऱ्या अशा भट्टीच्या बर्नरशेजारी, एका तिरप्या पाइपाच्या टोकाला, मुठीत मावेल एवढे एक उपकरण बसवलेले असू शकते. त्याला अल्ट्राव्हायोलेट फ्लेम सेन्सर म्हणतात. कामगारांच्या बोलण्यात नुसता ‘सेन्सर’. बर्नरची ज्योत पेटलेली आहे की विझली, एवढेच त्याने सांगायचे. ज्योत विझली आणि तेल किंवा गॅस येतच राहिला तर भट्टी न जळलेल्या इंधनाने भरते आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. म्हणून सेन्सरचा संकेत थांबला की काही सेकंदांत इंधनाचा व्हॉल्व्ह बंद व्हावा, अशी जोडणी असते.

या पुस्तिकेचा विषय म्हणजे प्रकाशविद्युत परिणाम, इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट. तो समजून घ्यायला या सेन्सरइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, कारण त्याचे वागणे वरवर पाहता अगदी उलटे आहे. भट्टीची भिंत १२०० अंश सेल्सियसला असेल तर तिच्या दर चौरस मीटरमधून २५० किलोवॅटहून अधिक ऊर्जा प्रकाश आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. माणूस दारासमोर क्षणभर उभा राहू शकत नाही. सेन्सर मात्र या झळाळीकडे पाहत असूनही गप्प असतो. भट्टी लालभडक आहे, पण ज्योत विझलेली आहे, तर तो ‘ज्योत नाही’ असेच सांगतो. तोच सेन्सर काढून टेबलावर ठेवा आणि काही फुटांवर साधा लायटर पेटवा, तो लगेच बोलू लागतो. हॅलोजनची बॅटरी थेट तोंडावर धरली तरी काही होत नाही. मे महिन्याच्या दुपारी अंगणात ठेवला तरी काही होत नाही. लायटरच्या ज्योतीत असे काय आहे, जे भट्टीच्या भिंतीत आणि जालन्याच्या उन्हात नाही?

सेन्सर उघडला तर आत काचेची छोटी नळी दिसते. तिची काच खास असते, अतिनील किरण आत सोडणारी. नळीत कमी दाबाचा वायू आणि दोन धातूचे इलेक्ट्रोड. त्यांच्यामध्ये काही शे व्होल्टचा दाब लावलेला असतो, पण वायू विद्युतरोधक असल्यामुळे एरवी प्रवाह वाहत नाही. कॅथोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या पृष्ठभागावरून एखादा इलेक्ट्रॉन सुटला, तर तो दाबामुळे वेगाने पळतो, वाटेतल्या वायूच्या अणूंना धडकून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतो, ते आणखी करतात, आणि क्षणात मोजता येईल असा विजेचा ठोका मिळतो. म्हणजे सगळा प्रश्न पहिल्या इलेक्ट्रॉनचा आहे. तो धातूतून बाहेर पडला तर ज्योत आहे, नाही पडला तर नाही. तो बाहेर काढण्याचे काम प्रकाशाने करायचे असते. धातूवर प्रकाश पडून इलेक्ट्रॉन बाहेर येणे, हाच प्रकाशविद्युत परिणाम.

तो पहिल्यांदा लक्षात आला तोही अशाच दोन टोकांच्या फटीत. १८८७ साली जर्मनीत कार्ल्सरूहे इथे हाइनरिख हर्ट्झ विद्युतचुंबकीय तरंगांचे प्रयोग करत होता. एका फटीत मोठी ठिणगी पाडायची आणि दूरच्या दुसऱ्या फटीत बारीक ठिणगी उमटते का ते पाहायचे, अशी त्याची मांडणी. बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने ती फट अंधाऱ्या पेटीत झाकली, तर ठिणगी आखूड झाली. झाकण काढले की पुन्हा लांब. मधे काचेचा तुकडा धरला तरी आखूड; क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाचा तुकडा धरला तर काही फरक नाही. साधी काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. पहिल्या ठिणगीतले अतिनील किरण दुसऱ्या फटीच्या धातूवर पडून ठिणगीला मदत करत होते. पुढच्याच वर्षी विल्हेल्म हॉलवॅक्सने घासून चकचकीत केलेला जस्ताचा पत्रा घेऊन दाखवले की पत्र्यावर ऋण भार असेल तर अतिनील प्रकाशात तो निघून जातो, धन भार असेल तर टिकतो. बाहेर पडते ते काहीतरी ऋण आहे, हे ठरले. १८९९ मध्ये जे. जे. थॉमसनने ते ‘काहीतरी’ म्हणजे इलेक्ट्रॉनच असल्याचे मोजून दाखवले.

इथवर तरंगवादाला काहीच अडचण नव्हती. विद्यार्थ्यांना हे सांगणे मला गरजेचे वाटते, कारण पाठ्यपुस्तकातून असा समज होतो की धातूतून इलेक्ट्रॉन निघाले आणि त्याच दिवशी तरंगवाद कोसळला. तसे झाले नाही. प्रकाश हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा तरंग आहे, त्यातले विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला ढकलते, पुरेसे ढकलले की तो सुटतो. हे स्पष्टीकरण अगदी सरळ आहे. प्रकाश दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो, हेही त्यात बसते. अडचण सुरू होते ती तपशिलात गेल्यावर, आणि तो तपशील आपल्या भट्टीवरच तपासून पाहता येतो.

तरंगाच्या कल्पनेत ऊर्जा पृष्ठभागावर सलग, सारखी पसरून येते. प्रत्येक अणूच्या वाट्याला त्याच्या आकारमानाएवढी ऊर्जा येते आणि साठत जाते. आता समजा सेन्सरचा कॅथोड निकेलचा आहे. निकेलच्या पृष्ठभागातून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. या किमान ऊर्जेला कार्यफल किंवा वर्क फंक्शन म्हणतात. भट्टीच्या भिंतीतून निघणाऱ्या झोताचा हजारावा भागच पाइपातून कॅथोडपर्यंत पोचतो असे धरू, म्हणजे दर चौरस मीटरला २५०-२६० वॅट. निकेलच्या एका अणूने व्यापलेले क्षेत्रफळ घेऊन हिशेब केला तर तो अणू ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट जेमतेम ०.०६ सेकंदात गोळा करतो. बरीचशी ऊर्जा परावर्तित झाली, बरीचशी शेजारच्या अणूंकडे गेली असे मानून हा वेळ शंभरपट वाढवला, तरी सहा सेकंद. म्हणजे तरंगवादाप्रमाणे गरम भिंतीसमोर सेन्सर सतत खणखणत राहायला हवा. प्रत्यक्षात तो शांत आहे, आणि तासभर शांत राहतो.

आता याच्या उलट, मिणमिणता प्रकाश घेऊ. पाच मीटरवर एक वॅटचा जांभळा दिवा आहे आणि समोर सोडियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग आहे. सोडियमचे कार्यफल कमी, २.२८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तोच हिशेब केला तर एका अणूला तेवढी ऊर्जा जमवायला १९ मिनिटांच्या आसपास लागतील. म्हणजे दिवा लावा, चहा पिऊन या, मग पहिला इलेक्ट्रॉन निघेल. प्रत्यक्षात दिवा लावताक्षणी प्रवाह सुरू होतो. १९२८ मध्ये लॉरेन्स आणि बीम्स यांनी हा विलंब मोजायचा प्रयत्न केला, तेव्हा तो असलाच तर सेकंदाच्या तीन अब्जांशांपेक्षाही कमी असल्याचे दिसले. झगझगीत लाल प्रकाशात इलेक्ट्रॉन यायला हवेत तर येत नाहीत, मंद जांभळ्या प्रकाशात उशिरा यायला हवेत तर लगेच येतात. एकच सिद्धान्त दोन्ही टोकांना चुकतो, आणि विरुद्ध दिशांना चुकतो. माझ्या मते तरंगवादाच्या अपयशाचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. कार्यफल थोडे कमी-जास्त धरून, अणूचा आकार बदलून ही चूक दुरुस्त होत नाही, कारण एका टोकाला सुधारावे तर दुसऱ्या टोकाला ती वाढते.

तिसरी अडचण बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची आहे. ती मोजायची कशी? इलेक्ट्रॉन निर्वात नळीत समोरच्या पट्टीकडे, म्हणजे ॲनोडकडे जात असतात. त्या पट्टीला थोडा ऋण दाब दिला की ती त्यांना मागे ढकलते. हळू इलेक्ट्रॉन आधी परततात, वेगवान मात्र पोचतात. दाब वाढवत नेला की एका क्षणी सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनही पोचेनासा होतो आणि प्रवाह शून्य होतो. त्या दाबाला निरोधी विभव, स्टॉपिंग पोटेन्शियल म्हणतात. तो ०.७ व्होल्ट आला तर सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनकडे ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा होती, इतका तो सरळ वाचता येतो. फिलिप लेनार्डने १९०२ मध्ये या पद्धतीने पाहिले, की आर्क दिव्याची तीव्रता सुमारे हजारपट बदलली तरी निरोधी विभव जागचा हलत नाही. प्रकाश वाढवला की इलेक्ट्रॉन जास्त निघतात, पण एकेकाचा जोर तेवढाच राहतो. दिवा बदलला, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलला, तर मात्र जोर बदलतो. जोरदार तरंग इलेक्ट्रॉनला जोरात फेकणार, ही तरंगवादाची साधी अपेक्षा इथे मोडली.

लेनार्डने यावर एक तोडगा काढला होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. इलेक्ट्रॉनकडे ही ऊर्जा अणूच्या आत आधीपासूनच असते, प्रकाश फक्त खिट्टी काढतो, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे तीव्रतेचा परिणाम का नाही, याचे उत्तर मिळत होते. रंगाप्रमाणे ऊर्जा नेमकी कशी बदलेल, याचे आकड्यातले उत्तर मात्र त्यातून निघत नव्हते.

ते उत्तर मार्च १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइनने पाठवलेल्या निबंधात आले. प्रकाशाची ऊर्जा सलग पसरत नाही, ती ठरावीक आकाराच्या गाठींमध्ये येते, आणि एका गाठीची ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेच्या प्रमाणात असते, असे त्याने मांडले. एक गाठ एका इलेक्ट्रॉनला पूर्ण मिळते. त्यातली काही ऊर्जा धातूतून सुटण्यात खर्च होते, उरलेली त्याची गतिज ऊर्जा. सूत्रात:

eV₀ = hν − φ

V₀ म्हणजे निरोधी विभव, ν म्हणजे वारंवारता, φ म्हणजे कार्यफल आणि h हा प्लँकचा स्थिरांक. hν हा आकडा φ पेक्षा लहान असेल तर इलेक्ट्रॉन बाहेर येणार नाही. ज्या वारंवारतेला दोन्ही नेमके सारखे होतात, ती उंबरठा वारंवारता, थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी.

आता सेन्सरचे कोडे सुटते. निकेलच्या ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टसाठी २५० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान तरंगलांबीचा प्रकाश हवा. १२०० अंशांच्या भिंतीतून सर्वाधिक ऊर्जा २००० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्त भागात निघते. तिथल्या एका गाठीत ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा. आपल्याला दिसणाऱ्या लाल प्रकाशाच्या गाठीत दोनच्या आत. दोन्ही पाचला पुरत नाहीत, मग त्या अब्जावधी असोत. लायटरच्या ज्योतीत एकूण ऊर्जा नगण्य, पण ज्वलनाच्या रासायनिक क्रियेतून अतिनील गाठी थोड्या का होईना निघतात, आणि तेवढ्या पहिल्या इलेक्ट्रॉनला पुरतात. उन्हातही ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गाठी सूर्यापासून निघतात, पण वातावरणातला ओझोन त्या वरच्या वर गिळतो. जमिनीवर २९० नॅनोमीटरच्या खालचे काही पोचत नाही. म्हणून सेन्सरच्या दृष्टीने जालन्याची दुपार म्हणजे काळोखच.

इथे चांगला विद्यार्थी हमखास विचारतो, की ०.६ च्या आठ-नऊ गाठी एकाच इलेक्ट्रॉनला एकामागून एक मिळाल्या तर? प्रश्न रास्त आहे. धातूतल्या इलेक्ट्रॉनला एक गाठ मिळाली तरी ती ऊर्जा तो आजूबाजूच्या इलेक्ट्रॉन आणि अणूंना इतक्या झटपट वाटून टाकतो, की साध्या प्रकाशात दुसरी गाठ पोचेपर्यंत पहिलीचा मागमूस राहत नाही. वाटलेली ती ऊर्जा धातू तापवते, बाकी काही नाही. अतितीव्र लेसरच्या स्पंदात मात्र दोन-तीन गाठी एकदम मिळू शकतात, आणि तिथे उंबरठ्याखालच्या प्रकाशानेही इलेक्ट्रॉन निघतात. उंबरठ्याचा नियम दिवे, ज्योती आणि ऊन यांच्यासाठी पक्का आहे, तितक्याच हद्दीत तो वाचावा.

आइन्स्टाइनच्या सूत्राची खरी कसोटी म्हणजे वारंवारता आणि निरोधी विभव यांचा आलेख. तो सरळ रेषा यायला हवा, आणि रेषेचा चढ धातू कोणताही असो, एकच हवा. रॉबर्ट मिलिकनला हे खरे वाटत नव्हते. ते खोडायच्या इराद्याने तो काही वर्षे झटला. अडचण होती पृष्ठभागाची: सोडियम, पोटॅशियम, लिथियम हवेत क्षणात काळवंडतात आणि कार्यफल बदलते. त्याने निर्वात काचेच्या भांड्यातच सुरी बसवली, बाहेरून चुंबकाने ती फिरवून धातूचा पापुद्रा काढायचा आणि ताज्या पृष्ठभागावर लगेच मोजायचे. १९१६ मध्ये त्याने आकडे प्रसिद्ध केले. रेषा सरळ आली, आणि चढावरून प्लँकचा स्थिरांक आजच्या मान्य आकड्याच्या एका टक्क्याच्या आत निघाला. गाठींची कल्पना मात्र त्याला तेव्हाही पटली नव्हती. सूत्र बरोबर, कारण संशयास्पद, असे त्याचे मत होते. आइन्स्टाइनला १९२१ चे नोबेल याच नियमासाठी मिळाले, मिलिकनला १९२३ चे.

ही रेषा आपण कागदावर काढून पाहू. पाऱ्याच्या दिव्यातून ठळक रंग वेगळे करता येतात. ३६५ नॅनोमीटर हा अतिनील, ४०५ जांभळा, ४३६ निळा आणि ५४६ हिरवा. त्यांच्या एकेका गाठीत अनुक्रमे ३.४०, ३.०६, २.८५ आणि २.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. सोडियमचे २.२८ वजा केले की निरोधी विभव पहिल्यासाठी १.१२ व्होल्ट, दुसऱ्यासाठी ०.७८ आणि तिसऱ्यासाठी ०.५७ निघतो. हिरवा अगदी काठावर अडतो, एक शतांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट कमी पडतो. पहिल्या आणि तिसऱ्या रंगाच्या वारंवारतेतला फरक 1.33 × 10¹⁴ हर्ट्झ, विभवातला फरक ०.५५ व्होल्ट. भागाकार:

h/e = 0.55 ÷ (1.33 × 10¹⁴) = 4.135 × 10⁻¹⁵ V·s

याला इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणले की प्लँकचा स्थिरांक, 6.62 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद. आपण ऊर्जेचे आकडे काढताना तोच स्थिरांक वापरला, म्हणून तो परत मिळाला; प्रयोगशाळेत विभव मीटरवर वाचायचा असतो, आणि तिथे या भागाकाराला खरा अर्थ येतो.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी हटकून फसवतात. पहिली म्हणजे उलटा प्रवाह. काही प्रकाश परावर्तित होऊन ॲनोडवर पडतो, आणि नळी जुनी असेल तर कॅथोडचा संवेदनशील धातू उडून ॲनोडवरही बसलेला असतो. मग ॲनोडही इलेक्ट्रॉन सोडू लागतो आणि ते उलट दिशेने वाहतात. परिणामी मीटरवर शून्य खऱ्या निरोधी विभवाच्या आधीच येते, आणि उत्तर लहान मिळते. ओळखायची खूण सोपी आहे: शून्य झाल्यावर दाब आणखी वाढवा. प्रवाह शून्यावर न थांबता ऋण होऊन एका लहान आकड्यावर स्थिरावला, तर उलटा प्रवाह आहे. अशा वेळी मीटरचे शून्य सोडून, वक्र ज्या ठिकाणी त्या सपाट ऋण भागातून वर उठायला लागतो तो बिंदू घ्यावा. तीव्रता कमी केल्यावर निरोधी विभव कमी झाल्यासारखा दिसला, तर मुले लगेच लिहितात की तो तीव्रतेवर अवलंबून आहे. बहुतेक वेळा खोलीतली ट्यूबलाइट नळीत शिरलेली असते, नाहीतर शून्याजवळचा क्षीण प्रवाह मीटरच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. कॅथोड आणि ॲनोड वेगवेगळ्या धातूंचे असले की तारेने जोडल्यावर त्यांच्या दरम्यान आपोआप एक स्पर्शविभव तयार होतो, दोघांच्या कार्यफलांतल्या फरकाइतका. मीटर तो दाखवत नाही, इलेक्ट्रॉनला मात्र तो जाणवतो. नीट हिशेब केला तर मीटरवर वाचलेल्या निरोधी विभवात कॅथोडचे कार्यफल उरतच नाही, तिथे ॲनोडचे येते. म्हणून रेषेचा चढ विश्वासाने घ्यावा, पण रेषा अक्षाला छेदते त्या बिंदूवरून कॅथोडचे कार्यफल सांगू नये. बारावीच्या प्रात्यक्षिक वह्यांमध्ये तसे सर्रास लिहिलेले असते. मिलिकनने हा स्पर्शविभव स्वतंत्रपणे मोजून वजा केला होता, आणि म्हणूनच त्याच्या उंबरठा वारंवारता भरवशाच्या आहेत. चढ मात्र या चुकीपासून सुरक्षित राहतो, कारण स्पर्शविभव सगळ्या रंगांसाठी सारखाच. तो रेषा वर-खाली सरकवतो, तिरपी करत नाही.

भट्टीवरचा सेन्सर वापरणाऱ्यालाही अशाच गोष्टींशी गाठ असते, आणि पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण त्यांना दिले आहे, कारण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना ते लगेच उपयोगी पडेल. ज्योत डोळ्यांना दिसते आहे आणि सेन्सर ‘नाही’ म्हणतो, तर आधी त्याचे तोंड पाहावे. तेलाची वाफ, काजळी, धुराचा थर अतिनील किरण शोषतो. दृश्य प्रकाश त्यातून येतच असतो, म्हणून डोळ्याला काच स्वच्छ वाटते. फुटलेल्या खिडकीच्या जागी साध्या काचेचा तुकडा बसवला, तर हर्ट्झने मधे धरलेल्या काचेचाच प्रयोग पुन्हा होतो आणि भट्टी पेटतच नाही. उलट, ज्योत नसताना ‘आहे’ असा संकेत आला तर तो अधिक धोक्याचा. पेटवण्याच्या इलेक्ट्रोडची ठिणगी सेन्सरच्या नजरेत असली तर तिच्यातला अतिनील प्रकाश ज्योतीसारखाच वाचला जातो. जवळ वेल्डिंग चालू असेल तरी तेच. आणि नळी म्हातारी झाली की प्रकाशाशिवायही ठोके देऊ लागते. म्हणून सतत चालणाऱ्या भट्ट्यांसाठी असे सेन्सर मिळतात ज्यांच्यासमोर एक झडप थोड्या थोड्या वेळाने आपोआप बंद होते. झडप बंद असताना ठोके आले तर नळी खराब.

राहते ती भट्टीच्या तापमानाची मर्यादा. भिंतीतून २५० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश मुळीच येत नाही, असे नाही. १२०० अंशांना तो इतका कमी असतो की सेन्सर दुर्लक्ष करू शकतो. भिंत १५०० अंशांवर गेली तर एकूण ऊर्जा दुपटीच्या किंचित वर जाते, पण त्या अतिनील टोकाचा प्रकाश आठ-नऊशे पट होतो. ऊर्जा मोजणाऱ्याला हा बदल किरकोळ वाटेल, गाठी मोजणाऱ्या सेन्सरला नाही. तेव्हा सेन्सरचा पाइप बसवताना तो समोरच्या सर्वांत तापलेल्या भिंतीवर रोखू नये, ज्योतीच्या मुळाशी, बर्नरच्या तोंडाजवळ रोखावा. अतिनील प्रकाश तिथेच सर्वांत जास्त असतो आणि मागे भिंतीचा कमीत कमी भाग दिसतो. बसवून झाल्यावर भट्टी पूर्ण तापलेली असताना इंधन बंद करून पाहावे: ज्योत गेल्यावर ठरलेल्या सेकंदांत संकेत गेला पाहिजे. थंड भट्टीवर घेतलेली चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही.